बेकरीच्या शाखा वाढताना ब्रँड गाइड कसं बनवायचं: रंग, लोगो आणि भाषा

एकच दुकान असतं तेव्हा ब्रँड गाइडची, म्हणजे रंग, लोगो आणि भाषेच्या लेखी नियमांची, गरज भासत नाही. खोके, पिशव्या, पाटी, सगळं एकाच माणसाच्या नजरेखालून जातं आणि त्याला पटलं नाही तर ते परत जातं. तिसरी-चौथी शाखा निघाली की पिशव्या एका छापखान्यातून येतात, खोके दुसऱ्याकडून, पाटी जागेजवळचा बोर्डवाला करतो आणि ‘आज केक संपले’ हे काउंटरवरचा मुलगा स्वतःच्या मनाने लिहितो. नीट पाहिलं तर यात कोणाचीच चूक नसते. प्रत्येकाकडे लोगोची एक फाइल असते आणि बाकीचं तो अंदाजाने करतो.

गाइड या अंदाज करणाऱ्या माणसांसाठी असतं. मालक आणि डिझायनर यांना रंग पाठ असतो, त्यांच्यासाठी ते लिहायचं नाही. म्हणून ते स्क्रीनपासून सुरू न करता वस्तूंपासून सुरू करा. बेकरीत एकच लोगो चकचकीत खोक्यावर, खाकी पिशवीवर, लोणी शोषणाऱ्या कागदावर, कापडी एप्रनवर आणि रात्री उजळणाऱ्या पाटीवर येतो. या पाचही ठिकाणी रंग आणि रेषा वेगळ्या वागतात.

आधी सगळ्या वस्तू एका टेबलावर मांडा

प्रत्येक शाखेतून खोका, पिशवी, बटर पेपर, स्टिकर, शिक्क्याचा ठसा, किंमतपट्टी, मेन्यू, बिलाचा कागद असं एकेक मागवून घ्या. पाटीचे दिवसा आणि रात्री, दिवे लागलेले असताना, फोटो मागवा. ग्राहकांना पाठवलेल्या शेवटच्या काही उत्तरांचे स्क्रीनशॉटही घ्या, भाषेच्या भागात ते लागतील. हे सगळं एका मोठ्या टेबलावर दिवसाच्या उजेडात मांडा.

मग ढीग करा, पण शाखेप्रमाणे नको. वस्तूप्रमाणे करा: सगळे खोके एकीकडे, सगळ्या पिशव्या एकीकडे. असं केलं की फरक कुठून येतोय ते कळतं. सगळ्या शाखांचे खोके एकसारखे आणि सगळ्या पिशव्या एकसारख्याच फिक्या असतील, तर गडबड कागदाची आहे, शाखांची नाही. एकाच वस्तूत शाखेप्रमाणे फरक दिसला तर फायली वेगवेगळ्या फिरताहेत असं समजा. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत, म्हणून ही पायरी गाळू नका.

रंग: किती, कोणते, कशावर

मुख्य रंग तीनपेक्षा जास्त ठेवू नका. उदाहरणासाठी एक संच घेऊ: गडद तपकिरी-लाल `#7A2E1F`, भाजलेल्या साखरेचा `#D9A066` आणि साय-रंग `#FFF4E0`. बेकरीला शोभणारा संच आहे आणि जवळजवळ प्रत्येक बेकरी याच्या आसपास फिरते, म्हणून त्यातले खड्डेही सगळ्यांना सारखेच.

पहिला खड्डा वाचनाचा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक एका गुणोत्तरात मोजता येतो. वेबसाठीच्या सुगम्यता नियमांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ असं गुणोत्तर मागितलं आहे. ते मोजणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आपल्या संचात साय-रंगावर गडद तपकिरी-लाल अक्षरं ठेवली तर गुणोत्तर ८.६ येतं, म्हणजे बारीक मजकूरही निवांत वाचता येतो. भाजल्या साखरेच्या रंगावर तीच गडद अक्षरं ४.१ देतात. मोठं शीर्षक चालेल, पण घटकांची यादी नको. साय-रंगावर भाजल्या साखरेची अक्षरं मात्र जेमतेम २.१ देतात. नेमकी हीच जोडी स्क्रीनवर सगळ्यांना आवडते, कारण ती ऊबदार दिसते. गाइडमध्ये तिच्यावर सरळ फुली मारा आणि ‘हा रंग फक्त पट्टी, नक्षी आणि पार्श्वभूमीसाठी’ असं लिहा. कोणता रंग अक्षरांचा आणि कोणता भरावाचा, एवढं ठरलं तरी निम्मं काम होतं.

दुसरा खड्डा कागदाचा, आणि बेकरीला तो सगळ्यात महाग पडतो. चार रंगी छपाईची शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरी शाई नसतेच. छापील पांढरा म्हणजे न छापलेला कागद. त्यामुळे पांढऱ्या खोक्यावर देखणा दिसणारा साय-रंग खाकी पिशवीवर छापायला दिला तर जवळजवळ काहीच उमटत नाही. भाजल्या साखरेचा रंग खाकीत मिसळून जातो. उरतो एकटा गडद तपकिरी-लाल, तोही आणखी काळपट होऊन. वेगळी पांढरी शाई वापरून खाली अस्तर देता येतं, पण त्याला छपाईचा एक टप्पा आणि खर्च वाढतो, आणि प्रत्येक छापखान्याकडे ती सोय नसते.

माझं मत स्पष्ट आहे: खाकीवर लढू नका. गाइडमध्ये खाकी कागदासाठी वेगळा नियम लिहा, की तिथे फक्त एक रंग, गडद, आणि लोगोची एकरंगी आवृत्ती. तीन रंगांची पिशवी हवीच असेल तर पांढरा कागद घ्या.

तिसरी गोष्ट रंगाच्या नोंदीची. वर `#` लावून लिहिलेला हेक्स कोड स्क्रीनसाठी असतो, तो छापखान्याच्या उपयोगाचा नाही. प्रत्येक रंगासाठी तीन नोंदी लागतात: स्क्रीनसाठी हेक्स, चार रंगी छपाईसाठी सीएमवायकेची, म्हणजे त्या चार शायांची, टक्केवारी आणि तयार मिसळलेल्या शाईसाठी पँटोन क्रमांक. पँटोन क्रमांकाच्या शेवटी `C` किंवा `U` असतं. `C` म्हणजे चकचकीत, लेप दिलेला कागद आणि `U` म्हणजे लेप नसलेला. क्रमांक तोच असला तरी शाई लेप नसलेल्या कागदात शोषली जाऊन फिकी आणि मंद दिसते. म्हणून मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहते आणि लेप नसलेल्या कागदासाठी गरज पडली तर शेजारचा वेगळा क्रमांक निवडते. डोळ्याला रंग एक दिसला पाहिजे, क्रमांक एक असण्याचा हट्ट नको. संगणकाने आपोआप करून दिलेलं रूपांतर सुरुवातीपुरतं ठीक, पण छापील नमुना पाहिल्याशिवाय ते गाइडमध्ये घालू नका.

आणि घटकांची यादी, तारीख, बारीक सूचना यांसाठी एकच शाई वापरा, शुद्ध काळी किंवा एकच मिसळलेली गडद. चार शाया एकमेकींवर बसवून बनवलेल्या गडद रंगात बारीक अक्षरं छापली की साचे केसभर जरी सरकले तरी अक्षरांना रंगीत कडा येते आणि मजकूर धुरकट होतो. खोक्याच्या तळाशी हे सर्रास दिसतं आणि दोष ‘खराब छपाई’ला दिला जातो. खरं तर तो आर्टवर्कचा, म्हणजे छपाईला दिलेल्या फाइलचा, दोष असतो.

मंजूर नमुना: रंगाचा खरा दाखला

कोड कितीही अचूक असले तरी छापखान्यात यंत्राशेजारी उभा असलेला माणूस डोळ्यांनीच जुळवतो. त्याला जुळवायला काहीतरी हातात द्या. पहिली मोठी छपाई होताना तिथे जा, आणि पसंत पडलेल्या प्रतीसोबत दोन आणखी प्रती काढून घ्या: चालेल इतकी सगळ्यात फिकी आणि चालेल इतकी सगळ्यात गडद. तिघींवर सही आणि तारीख. असे संच प्रत्येक कागदासाठी वेगळे हवेत, म्हणजे खोक्याचा वेगळा, पिशवीचा वेगळा. एक संच छापखान्याकडे आणि एक तुमच्याकडे, जाड लिफाफ्यात, उजेडापासून दूर. भिंतीवर टाचलेला नमुना उन्हाने उडतो आणि मग छापखाना उडालेल्या रंगाशी इमानदारीने जुळवत बसतो. वर्षा-दोन वर्षांनी संच नवा करा.

नमुना कोणत्या उजेडात पाहायचा हेही लिहा. छपाईच्या धंद्यात रंग तपासायला ५००० केल्विनचा दिवा धरतात. तो नसेल तर दिवसा खिडकीपाशी, पण थेट उन्हात नाही. दुकानात बहुतेक पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपासचे दिवे असतात, कारण त्यांत पाव आणि केक छान दिसतात. त्या उजेडात जुळलेले दोन रंग बाहेर रस्त्यावर वेगळे निघू शकतात. म्हणून दोन्हीकडे पाहा, आणि निर्णय दिवसाच्या उजेडात घ्या.

पाटीचं गणित उलटं आहे. तिथे उजेड मागून येतो. गडद रंगाची पारदर्शक फिल्म विरळ असेल तर रात्री तांबडी भडकते, दाट असेल तर काळी दिसते. साय-रंगाचा सूर मागच्या दिव्यावर ठरतो: ६५०० केल्विनचे दिवे लावले तर तो निळसर पांढरा होतो. गाइडमध्ये पाटीसाठी फिल्मचा कंपनी-क्रमांक आणि दिव्याचं केल्विन, दोन्ही लिहा. एका शाखेत पिवळे आणि दुसऱ्या शाखेत पांढरे दिवे लागले, तर बाकी सगळं जुळूनही दोन दुकानं दोन मालकांची वाटतात. बोर्डवाल्याकडून आधी हातभर तुकडा करून मागवा आणि अंधार पडल्यावर लावून पाहा.

लोगो: चार आवृत्त्या आणि एक प्रयोग

बेकरीला लोगोच्या चार आवृत्त्या लागतात. पूर्ण रंगीत, एकरंगी गडद, गडद पार्श्वभूमीवरची फिकी, आणि स्टेन्सिलची. पहिल्या तीन सगळे बनवतात, चौथी राहून जाते. केकवर कोको किंवा पिठीसाखर चाळणीने टाकून लोगो उमटवायचा म्हटलं की पत्रा कापावा लागतो, आणि ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला बंद भाग कापताना सुटून खाली पडतो. त्याला बाहेरच्या पत्र्याशी जोडणारी बारीक पट्टी ठेवावी लागते. तुम्ही ती आखून दिली नाही तर प्रत्येक शाखेत कापणारा माणूस त्याच्या सोयीने ठेवेल आणि प्रत्येक शाखेचं अक्षर वेगळं होईल. हीच आवृत्ती पुढे लाकडी फलकावर रंग फवारायलाही कामी येते.

लोगो किती लहान करता येईल हे अंदाजाने लिहू नका. साधा प्रयोग करा. लोगो ४०, ३०, २०, १५ आणि १० मिलिमीटर रुंदीत एकाच कागदावर ओळीने ठेवा आणि तो कागद तुमच्या खऱ्या वस्तूंवर छापून घ्या: खाकी पिशवी, बटर पेपर, स्टिकर, रबरी शिक्का. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर सगळंच सुबक येतं, त्याच्यावर विसंबू नका. मग प्रत्येकात बंद अक्षरांची पोटं उघडी आहेत का, मात्रा-वेलांट्या शिरोरेषेत मिसळून न जाता वेगळ्या ओळखू येतात का, आणि बारीक रेषा सलग आहेत का, ते पाहा. पिशव्यांच्या छपाईत आणि शिक्क्यात शाई दाबाने पसरते, म्हणून रेषा जाड होतात आणि फटी बुजतात. गडद भागातली फिकी अक्षरं तर आतल्या बाजूने बारीक होत जातात.

समजा, खोक्यावर १५ मिलिमीटरपर्यंत नीट वाचता आलं, पण शिक्क्यात २० ला ‘ब’चं पोट बुजलं आणि ३० ला उघडं राहिलं. मग नियम असा लिहायचा: खोक्यावर किमान २०, शिक्क्यात किमान ३०, आणि त्याहून लहान जागेत नाव न वापरता फक्त चिन्ह. खोक्याला मी मुद्दाम एक पायरी जास्त धरली आहे, कारण रोजची छपाई चाचणीइतकी नीट येईलच असं नाही.

लोगोभोवती मोकळी जागा किती, हे लोगोतल्याच एखाद्या भागाने मोजा, उदाहरणार्थ पहिल्या अक्षराच्या उंचीइतकी. मिलिमीटरमध्ये दिलं तर आकार बदलला की माप चुकतं. खोक्याच्या बाबतीत एक जास्तीचा नियम हवा: मोकळी जागा घडीच्या रेषेपासूनही मोजायची. घडीवर आलेला लोगो आधी तडकतो आणि मग त्याची शाई उडते.

लोगोवर काय करू नये याची लांबलचक चित्रमालिका मी देत नाही. तुमच्या टेबलावरच्या ढिगात जे खरंच घडलेलं दिसलं तेवढंच दाखवा. कोणी ताणून रुंद केला असेल, कोणी केकच्या फोटोवर गडद लोगो ठेवून हरवला असेल, कोणी सावली दिली असेल. या तीन चित्रांचा जितका उपयोग होतो तितका कल्पनेतल्या वीस चुकांचा होत नाही.

कागदाबद्दल एक गोष्ट बेकरीला खास लागू पडते. लोणी शोषलं की कागद अर्धपारदर्शक आणि गडद होतो. फिक्या कागदावर मधोमध मोठा लोगो असेल तर पहिला डाग त्याच्यावरच पडतो. पदार्थाला लागणाऱ्या कागदावर लोगो लहान आणि विखुरलेला ठेवा, म्हणजे डागातही नक्षी टिकते. छपाई नेहमी बाहेरच्या बाजूला, आणि शाई खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी चालणारी आहे असं छापखान्याकडून लेखी घ्या.

भाषा: विशेषणं नकोत, प्रसंग लिहा

‘आमचा सूर ऊबदार, आपुलकीचा आणि प्रामाणिक आहे’ हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये सापडतं आणि काउंटरवरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याला माल संपलाय तेव्हा पाटीवर काय लिहायचं ते हवं असतं. म्हणून भाषेचा भाग प्रसंगांनी बांधा.

त्याआधी दोन-तीन गोष्टी एकदाच ठरवून टाका. ग्राहकाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’? मी ‘तुम्ही’ सुचवेन, कारण ‘आपण’ लिहिताना वाक्यं आपोआप अर्जासारखी होतात. आकडे देवनागरी की इंग्रजी? पदार्थांची नावं कशी लिहायची, ‘ब्राउनी’ की ‘ब्राऊनी’, ‘क्रोसाँ’ की ‘क्रॉसाँ’? प्रत्येक पदार्थाचं एकच शुद्धलेखन असलेली यादी गाइडच्या शेवटी जोडा. शाखांमधला विस्कळीतपणा ग्राहकाला सगळ्यात आधी इथेच दिसतो.

मग प्रसंग. माल संपला: ‘स्टॉक उपलब्ध नाही’ असं लिहिण्याऐवजी ‘आजचा गव्हाचा पाव संपला. उद्या सकाळी ८ वाजता ताजा येईल.’ दोन वाक्यं, दुसऱ्यात पुढची माहिती. वेळ सांगता येत नसेल तर वेळ लिहू नका.

तक्रार: ग्राहक म्हणतो, केकवर नाव चुकीचं लिहिलं होतं. उत्तराचा साचा असा: काय चुकलं ते त्याच्याच शब्दांत, मग माफी, मग आपण काय करतो आहोत, मग संपर्क. ‘केकवर नाव चुकीचं लिहिलं गेलं. वाढदिवसाच्या दिवशी असं व्हायला नको होतं, माफ करा. पैसे आज परत करतो. कृपया बिलाचा फोटो या क्रमांकावर पाठवा.’ यात ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ नाही आणि हसरे चेहरेही नाहीत. परताव्याचा अधिकार काउंटरवर कोणाला आहे ते आधी ठरवा, नाहीतर साचा सुंदर आणि हात बांधलेले अशी अवस्था होते.

ॲलर्जी: इथे सूर वगैरे काही नाही. गहू, दूध, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे, सुकामेवा, तीळ यांपैकी जे आहे ते नाव घेऊन, सगळ्या शाखांत एकाच वाक्यरचनेत. ‘यात दूध आणि बदाम आहेत. याच भट्टीत शेंगदाण्याचे पदार्थही बनतात.’ गमतीची भाषा, सजवलेला फाँट, फिका रंग यांपैकी काहीही या ओळीला लागू नये, हे गाइडमध्ये ठळक लिहा.

दाव्यांचे शब्दही याच भागात घाला. ‘ताजं’ म्हणजे किती तासांपूर्वी भाजलेलं? ठरवा आणि लिहा. ‘साखरविरहित’ आणि ‘वरून साखर न घातलेलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खजूर घातलेला पदार्थ पहिल्यात बसत नाही, आणि साखरेऐवजी खजूर घातला असेल तर दुसऱ्यातही बसेलच असं नाही. असे शब्द कुठे वापरता येतात हे कायद्याने बांधलेलं असतं, म्हणून ते शाखेच्या पातळीवर कोणीही लिहू नयेत. मंजूर यादीत असतील तेवढेच वापरायचे.

गाइड कोणाच्या हातात, कोणत्या रूपात

एक जाड पुस्तिका सगळ्यांना पाठवली तर ती कोणीही उघडत नाही. तिचे तीन कागद करा. छापखाना आणि बोर्डवाल्यासाठी रंगांच्या नोंदी, किमान आकार, कागदाप्रमाणे नियम. शाखेसाठी प्रसंगांचे साचे आणि पदार्थांची नावं, लॅमिनेट करून काउंटरच्या आतल्या बाजूला. सोशल मीडिया सांभाळणाऱ्यासाठी हेक्स कोड, फोटोवर लोगो ठेवायची जागा आणि उत्तरांचे साचे.

फायली एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि नावातच उपयोग सांगा, म्हणजे कोणी विचारायला येत नाही:

```
logo_ekrangi_khaki-pishvi.pdf
logo_rangit_pandhra-khoka.pdf
logo_fika_gadad-parshvabhumi.svg
logo_stencil.svg
```

छपाईसाठी रेषांवर बनलेली, म्हणजे व्हेक्टर फाइल द्या आणि अक्षरांचं रेषांत रूपांतर करून द्या, नाहीतर समोरच्याच्या संगणकावर फाँट नसला की तो दुसराच बसवतो. व्हॉट्सॲपवरून फोटोसारखा पाठवलेला लोगो छपाईसाठी कधीही वापरायचा नाही. तो पाठवताना दाबला जाऊन लहान होतो आणि पाटीवर त्याच्या पायऱ्या दिसतात. जुन्या फायली फोल्डरमधून हलवा, शेजारी ‘जुनं’ म्हणून ठेवू नका.

मंजुरीसाठी एकच माणूस नेमा आणि त्याने किती वेळात उत्तर द्यायचं तेही लिहा, समजा एक कामाचा दिवस. उत्तर आठवडाभर आलं नाही तर शाखा तिच्या मनाने छापून मोकळी होते. गाइडमध्ये न बसणारी गरज आली, उदाहरणार्थ लग्नाच्या मोठ्या ऑर्डरसाठी सोनेरी लोगो, तर त्या माणसाने निर्णय द्यावा आणि तारखेसह गाइडमध्ये जोडावा. तीच मागणी पुन्हा आली की तो नियम होतो.

जुन्या मालाचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. जुन्या रंगाचे खोके आणि पिशव्या वापरून संपवा, फक्त एका शाखेत एका वेळी एकच प्रकार राहील असा साठा फिरवा. दोन तपकिरी खोके शेजारी ठेवले की फरक डोळ्यात भरतो, वेगवेगळ्या दुकानांत तो कोणी मोजत नाही. ज्या वेष्टनावर ॲलर्जीची माहिती जुनी किंवा अपुरी आहे ते मात्र त्याच दिवशी काढून टाका, साठा कितीही असो.